2^x = 4x : ‘४’ हे उत्तर बरोबर आहे, मग दुसरं उत्तर कुठं गेलं?

फॅमिली ग्रुपवर किंवा इन्स्टाच्या रीलखाली असलं एखादं कोडं तुम्हीही पाहिलं असेल. वर ‘फक्त १ टक्का लोकच सोडवू शकतात’ असा दावा आणि खाली एवढंच :

2^x = 4x, तर x = ?

कमेंटमध्ये धडाधड उत्तरं येतात : ‘४’. कुणी ताळाही करून दाखवतो. दोनाचा चौथा घात १६, आणि चार चोक सोळा. दोन्ही बाजू सारख्या, विषय संपला. एखादा विचारतो, ‘पण सोडवलं कसं ते सांगा ना’, तर त्याला उत्तर मिळतं, ‘डोकं लावून’.

प्रश्न त्या एकट्यानंच बरोबर विचारलेला असतो. कारण ४ हे उत्तर कुणी सोडवून काढलेलं नसतं, अंदाजानं सापडलेलं असतं. आणि अंदाजानं एक उत्तर सापडलं म्हणजे दुसरं नाहीच, असं होत नाही. या समीकरणाला दुसरंही एक उत्तर आहे. ते पूर्णांक नाही म्हणून डोळ्यांना दिसत नाही, इतकंच.

शाळेतली पद्धत इथं का अडते?

शाळेत समीकरण सोडवताना आपण एकच गोष्ट करायचो. सगळे x एका बाजूला गोळा करायचे आणि शेवटी x एकटा उरेल असं बघायचं. 3x + 5 = 20 असेल तर पाच पलीकडे न्यायचे, तिनानं भागायचं, झालं. 2^x = 50 असेल तर x घातांकात चढून बसलेला असतो, पण त्याला खाली उतरवायला लॉगॅरिदम आहे.

2^x = 4x मध्ये भानगड अशी की एक x घातांकात आहे आणि दुसरा खाली जमिनीवर. घातांकातल्या x ला उतरवायचं म्हणून दोन्ही बाजूंचा लॉग घेऊन बघा. दोन हा पाया धरला, तर मिळतं :

x = 2 + log₂ x

डावीकडचा x मोकळा झाला, पण त्याच क्षणी उजवीकडचा x लॉगच्या पोटात गेला. त्याला बाहेर काढायला पुन्हा दोनाचा घात घ्या, तर पहिला x परत वर चढतो आणि आपण होतो तिथंच येतो. बेरीज, गुणाकार, घात, मूळ, लॉग ही नेहमीची हत्यारं कितीही वेळा फिरवली तरी दोन्ही x एकाच वेळी हातात येत नाहीत.

हा आपल्या हुशारीचा दोष नाही. अशा समीकरणांच्या उत्तरासाठी गणितज्ञांना वेगळं फलनच तयार करावं लागलं. त्याला लॅम्बर्टचं W फलन म्हणतात. योहान लॅम्बर्टनं १७५८ साली आणि त्याच्यानंतर ऑयलरनं केलेल्या कामात त्याची मुळं आहेत. पण त्या फलनानं लिहिलेलं उत्तर आकड्यात हवं असेल, तर शेवटी आकडेमोड करावीच लागते. म्हणून आपण सरळ चित्राकडे जाऊ.

दोन बाजू, दोन चित्रं

कल्पना सोपी आहे. समीकरणाच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या गोष्टी समजायचं. डावी बाजू y = 2^x आणि उजवी बाजू y = 4x. दोन्हींचे आलेख एकाच कागदावर काढायचे. ते जिथं एकमेकांना छेदतात, तिथं दोन्ही बाजूंची किंमत सारखी असते, आणि त्या बिंदूचा x हेच आपलं उत्तर.

आलेखकागद नसेल तर आधी नुसता तक्ता करा :

| x | 2^x | 4x | वर कोण? |
|---|---|---|---|
| ० | १ | ० | वक्र |
| १ | २ | ४ | रेषा |
| २ | ४ | ८ | रेषा |
| ३ | ८ | १२ | रेषा |
| ४ | १६ | १६ | बरोबरी |
| ५ | ३२ | २० | वक्र |

शेवटचा स्तंभ नीट बघा. x शून्य असताना वक्र वर आहे आणि x एक असताना रेषा वर गेली आहे. दोन्ही आलेख अखंड आहेत, मध्ये कुठं उडी नाही. त्यामुळे शून्य आणि एकच्या दरम्यान रेषेनं वक्राला कुठंतरी ओलांडलंच असणार. दुसरं उत्तर तिथं आहे.

आता त्याला कोंडीत पकडायचं. मोबाइलच्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर x^y चं बटण असतं, तेवढं पुरेसं आहे. x = ०.५ ठेवलं तर वक्र १.४१४ आणि रेषा २, म्हणजे रेषा वर. ओलांडणं ०.५ च्या आधीच झालंय. x = ०.३ ला वक्र १.२३१ आणि रेषा १.२, म्हणजे वक्र वर. म्हणून उत्तर ०.३ आणि ०.५ च्या मध्ये. x = ०.३२ ला वक्र १.२४८ आणि रेषा १.२८, रेषा वर. x = ०.३१ ला वक्र १.२३९७ आणि रेषा १.२४, रेषा जेमतेम वर. आणि x = ०.३०९९ ला वक्र केसभर वर. म्हणजे उत्तर ०.३०९९ आणि ०.३१०० च्या मध्ये सापडलं. आणखी अंक हवे असतील तर याच पद्धतीनं पुढं जा, ०.३०९९०७ पर्यंत पोचाल.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. आपण ‘उत्तर अंदाजे ०.३१ आहे’ एवढंच म्हणत नाही आहोत. खालची आणि वरची हद्द दाखवून, उत्तर या दोन आकड्यांच्या मध्येच आहे असं ठामपणे सांगतो आहोत. चित्रानं कुठं शोधायचं ते सांगितलं आणि तक्त्यानं पुरावा दिला. नुसत्या चित्राकडे बघून ‘साधारण ०.३’ म्हणणं वेगळं आणि हे वेगळं.

तिसरं उत्तर नाही कशावरून?

हा प्रश्न कमेंटमध्ये कुणी विचारत नाही, पण खरी मजा इथंच आहे.

x ऋण असेल तर 4x ऋण होतं, म्हणजे रेषा X-अक्षाच्या खाली जाते. 2^x मात्र कधीच ऋण होत नाही. त्यामुळे डाव्या बाजूला भेट होणं शक्यच नाही.

उजव्या बाजूला वक्राचा स्वभाव कामी येतो. रेषेचा चढ सगळीकडे सारखा असतो, x एकानं वाढला की y चारनं वाढतो. 2^x चा चढ मात्र प्रत्येक पावलाला वाढतच जातो. म्हणून वक्र एकदा रेषेच्या खाली जाऊ शकतो आणि एकदा वर येऊ शकतो. वर येताना त्याचा चढ रेषेपेक्षा जास्त झालेला असतो आणि पुढं तो आणखीच वाढतो, त्यामुळे रेषा त्याला परत गाठू शकत नाही. सरळ रेषा आणि असा एकाच बाजूला वाकत जाणारा वक्र यांची भेट जास्तीत जास्त दोनदाच होते.

मग कमीत कमी? उजवीकडचा आकडा बदलून बघा. 2^x = 2x ची उत्तरं १ आणि २, दोन्ही डोळ्यांना दिसणारी. 2^x = x ला मात्र एकही उत्तर नाही, रेषा इतकी आडवी आहे की वक्र कायम तिच्या वरच राहतो. मध्ये कुठंतरी अशी एक रेषा असणार, जी वक्राला नुसती चाटून जाते. तिचा चढ साधारण १.८८४ आहे आणि ती वक्राला x = १.४४३ च्या आसपास स्पर्श करते. चढ त्याहून जास्त असेल तर दोन उत्तरं, बरोबर तेवढा असेल तर एक, आणि कमी (पण धन) असेल तर एकही नाही.

पडदा कसा फसवतो

डेस्मॉस किंवा जिओजेब्रा उघडून `y=2^x` आणि `y=4x` टाकलं की चित्र दोन सेकंदांत मिळतं. पण समजा पडद्यावर y अक्ष १० पर्यंतच दिसतोय. मग (४, १६) हा बिंदू पडद्याच्या वर, नजरेबाहेर राहतो आणि एकच छेदनबिंदू दिसतो, तो ०.३१ चा! म्हणजे डोक्यानं सोडवणाऱ्याला फक्त ४ सापडतं आणि पडद्यावर बघणाऱ्याला फक्त ०.३१. उलट झूम आउट करत y हजारापर्यंत नेला, तर सुरुवातीचा भाग तळाशी इतका दबून जातो की ०.३१ जवळची भेट ओळखू येत नाही.

दुसरी फसगत ‘चाटून जाण्या’च्या वेळी होते. 2^x = 1.88x आणि 2^x = 1.89x यांची चित्रं पडद्यावर अगदी सारखी दिसतील. दोन्हींत रेषा वक्राला टेकलेली वाटेल. प्रत्यक्षात पहिल्याला उत्तर नाही आणि दुसऱ्याला दोन आहेत. अशा वेळी दोन आलेखांऐवजी एकच काढायचा, दोघांच्या फरकाचा. `y=2^x-1.88x` टाकून तळाचा भाग मोठा करून बघितला की कळतं, हा आलेख शून्याला शिवतच नाही. त्याचा सगळ्यात खालचा बिंदूही शून्याच्या ०.००६ ने वर आहे.

काही जण तिसरा मार्ग धरतात. x = 2^x / 4 असं लिहायचं, एखादा आकडा टाकायचा, आलेलं उत्तर परत आत टाकायचं आणि असंच करत राहायचं. शून्यापासून सुरू केलं तर ०.२५, ०.२९७, ०.३०७, ०.३०९ असं सुंदर ०.३१ कडे सरकतं. पण ३.९ पासून सुरू करा. उत्तर शेजारी, ४ ला आहे, तरी आकडे ३.७३, ३.३२ असे त्याच्यापासून लांब पळतात आणि शेवटी ०.३१ ला जाऊन बसतात. ४.१ पासून सुरू केलं तर ४.२९, ४.८८ आणि पुढं थेट अनंताकडे. म्हणजे या पद्धतीला ४ हे उत्तर कधी दिसणारच नाही. कारण चित्रातच आहे : ४ जवळ 2^x / 4 चा चढ एकापेक्षा जास्त आहे, त्यामुळे छोटीशी चूक प्रत्येक फेरीत फुगत जाते.

आता रील बंद करून साथीच्या रोगाकडे

‘असली समीकरणं रीलपुरतीच’ असं वाटत असेल तर हे वाचा.

समजा दहा हजार वस्तीच्या गावात नवा आजार आला. कुणालाच त्याची प्रतिकारशक्ती नाही आणि एक आजारी माणूस बरा होईपर्यंत सरासरी दोन जणांना संसर्ग पोचवतो. ही संख्या म्हणजे R, इथं २. साथ संपेपर्यंत एकूण किती लोक आजारी पडतील?

तो हिस्सा z मानू. म्हणजे एकूण आजारी 10000z. प्रत्येकानं संसर्गाच्या दोन चिठ्ठ्या वाटल्या, तर गावात एकूण 20000z चिठ्ठ्या फिरल्या. एक चिठ्ठी तुमच्या वाट्याला न येण्याची शक्यता ०.९९९९. सगळ्याच चिठ्ठ्या चुकण्याची शक्यता म्हणजे ०.९९९९ चा 20000z वा घात. ०.९९९९ चा दहा हजारावा घात जवळपास 1/e असतो, इथं e म्हणजे २.७१८. म्हणून तुम्ही वाचण्याची शक्यता होते e^(-2z). आणि वाचलेल्यांचा हिस्सा तर 1 - z आहेच. म्हणून :

1 - z = e^(-2z)

डावीकडे सरळ रेषा, उजवीकडे घातांक. तोच पेच. आणि इथंही एक उत्तर लगेच दिसतं : z = 0. कुणीच आजारी पडलं नाही, साथ आलीच नाही. गणिताच्या दृष्टीनं ते बरोबर आहे, गावाच्या दृष्टीनं त्याचा उपयोग नाही. गावाला दुसरं उत्तर हवंय.

चित्र काढा. रेषा आणि वक्र दोन्ही (०, १) पासून निघतात आणि खाली उतरतात. रेषेचा उतार १ आहे, वक्राचा सुरुवातीचा उतार २. म्हणून वक्र आधी रेषेच्या खाली जातो. पण रेषा z = 1 ला शून्यावर पोचते आणि वक्र शून्याला कधीच शिवत नाही, म्हणजे तिथं वक्र वर असतो. मध्ये कुठंतरी छेद होणारच. मघासारखी कोंडी करा. z = ०.७९ ला रेषा ०.२१ आणि वक्र ०.२०६, रेषा वर. z = ०.८० ला रेषा ०.२० आणि वक्र ०.२०१९, वक्र वर. उत्तर या दोघांच्या मध्ये, ०.७९७ च्या जवळ. म्हणजे दहा हजारांपैकी सुमारे आठ हजार.

कोरोनाच्या काळात ‘R दोन असेल तर निम्म्या लोकांना होऊन गेला की साथ संपते’ अशा अर्थाचे मेसेज फिरायचे. निम्मे लोक बाधित झाल्यावर नव्या रुग्णांची संख्या उतरू लागते हे खरं. पण उतरू लागणं म्हणजे थांबणं नव्हे. आधीच आजारी असलेले लोक संसर्ग देतच राहतात आणि आकडा ५० वरून ८० टक्क्यांवर जाऊन थांबतो.

R बदलला की काय होतं तेही चित्र सांगतं. १.५ ला छेद ०.५८ वर येतो, १.२ ला ०.३१ वर. R एक किंवा त्याहून कमी झाला की वक्र सुरुवातीपासूनच रेषेच्या वर राहतो, उजवीकडचा छेद उरतच नाही आणि फक्त z = 0 शिल्लक राहतं. ‘R एकच्या खाली आणा’ असं तज्ज्ञ का ओरडत होते, ते या एका चित्रात दिसतं.

हिशेबात अर्थात एक गृहीतक आहे. चिठ्ठ्या कुणालाही सारख्याच शक्यतेनं मिळतात असं धरलंय. खऱ्या गावात माणसं घरच्यांना जास्त भेटतात, साथ वाढली की घाबरून घरी बसतात आणि R सुद्धा तेवढाच राहत नाही.

आणि मुंबईचा प्लेग

साथीचं हे गणित ज्या लेखामुळे रूढ झालं, तो १९२७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आला. लेखक होते कर्मॅक आणि मॅकेन्ड्रिक. मॅकेन्ड्रिक इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर होते, तर प्रयोगशाळेतल्या अपघातात दृष्टी गेलेले कर्मॅक हे रसायनशास्त्रज्ञ. आपलं गणित पडताळायला त्यांनी आकडे घेतले ते मुंबई बेटाचे : १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळात प्लेगनं दर आठवड्याला झालेले मृत्यू. नोंदलेले बहुतेक रुग्ण दगावत होते, म्हणून मृत्यूंचा आकडा त्यांनी साथीतून बाहेर पडणाऱ्यांचा आकडा धरला.

त्यांच्यापुढंही हेच संकट आलं. समीकरणात z एकदा सरळ होता आणि एकदा e च्या घातांकात, आणि सूत्ररूपात उत्तर निघेना. त्यांनी तोडगा काढला : घातांक लहान आहे असं धरायचं आणि e^(-u) च्या जागी 1 - u + u²/2 ठेवायचं. वक्राच्या जागी पॅराबोला आला आणि समीकरण सुटलं. त्यातून निघालेला घंटेच्या आकाराचा आलेख सतराव्या आठवड्याच्या सुमारास ८९० मृत्यूंचं शिखर दाखवतो आणि मुंबईच्या खऱ्या आकड्यांच्या बराच जवळून जातो. अर्थात प्लेग तेव्हा मुख्यतः उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरत होता, माणसाकडून माणसाकडे नव्हे, त्यामुळे आलेख जुळला म्हणजे कारणही जुळलं असं म्हणता येत नाही.

हा तोडगा कुठवर चालतो, हे आपल्या गावावर तपासता येतं. 1 - z = e^(-Rz) मध्ये तोच पॅराबोला ठेवला, तर z = 2(R - 1)/R² असं सुटसुटीत सूत्र मिळतं. R = 1.2 ला ते ०.२८ सांगतं, खरं उत्तर ०.३१. चालण्यासारखं आहे. R = 2 ला ते ०.५ सांगतं, खरं उत्तर ०.८०. दहा हजारांच्या गावात हा फरक तीन हजार माणसांचा आहे. कारण बघायचं असेल तर `y=1-x`, `y=e^(-2x)` आणि `y=1-2x+2x^2` हे तिन्ही आलेख एकत्र काढा. ०.२ पर्यंत पॅराबोला वक्राला चिकटून चालतो, मग ०.५ ला तळ गाठून वर वळतो आणि तिथंच रेषेला छेदतो. खरा वक्र तेव्हा अजून खालीच उतरत असतो.